रेझ्युमेच्या समरीत अपंगत्व किंवा आजार लिहावा का, आणि लिहायचा तर कोठे व कसा

रेझ्युमेमध्ये नाव आणि पत्त्याखाली चार-पाच ओळींचा परिचय असतो, ज्याला आता सगळेच समरी म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील उमेदवारांचे रेझ्युमे मी तपासून देतो. त्यांतल्या अपंगत्व किंवा दीर्घकालीन आजार असलेल्या उमेदवारांच्या समरीत दोन टोके वारंवार दिसतात. काहीजण पहिल्याच ओळीत टक्केवारीसह अपंगत्व लिहून ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ अशी विनंती करतात. काहीजण कोठेही, कोणालाही, काहीही सांगत नाहीत, आणि कंपनीतून मुलाखतीसाठी फोन आला की समोरचा काय बोलतो आहे हे उमेदवाराला ऐकूच येत नाही.

दोन्ही प्रकारांत समरी ही सांगण्याची एकमेव जागा आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात अशा पाच जागा आहेत: समरी, रेझ्युमेवरची संपर्काची ओळ, अर्जासोबतचा ईमेल किंवा मेसेज, मुलाखत ठरल्यावर दिलेले उत्तर, आणि ऑफर हातात आल्यानंतरची बोलणी. यांपैकी समरीचे काम सर्वांत मर्यादित आहे. रेझ्युमे चाळणारा माणूस तेथे एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत असतो, ते म्हणजे या जागेचे काम या व्यक्तीला येते का. अपंगत्वाचा उल्लेख या प्रश्नाच्या उत्तरात भर घालत असेल तरच तो समरीत असावा, अन्यथा त्याला उरलेल्या चारांपैकी योग्य ती जागा द्यावी, असे माझे मत आहे. पुढील सर्व पायऱ्या याच निकषावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: आधी कामाची समरी पूर्ण लिहून काढा

आजाराचा किंवा अपंगत्वाचा विचार पूर्ण बाजूला ठेवून समरी लिहा. हे सांगायला सोपे वाटते, पण बहुतेकांची अडचण येथेच असते. वर्षानुवर्षे ‘तुला जमेल का?’ हा प्रश्न ऐकलेल्या माणसाची लेखणी आपोआप खुलासा देऊ लागते आणि कामाचा तपशील मागे पडतो.

उदाहरणासाठी खानापूर तालुक्यातील एक तरुण घेऊ. त्याने मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे, एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात ४ वर्षे काम केले आहे, आणि तो दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतो. उद्यमबागेतील एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा निघाली आहे. अशा वेळी लिहिली जाणारी पहिली समरी साधारण अशी असते:

> दोन्ही कानांनी ६० टक्के कर्णबधिर. तरीही कष्टाळू, प्रामाणिक व जिद्दी. मेकॅनिकल डिप्लोमा पूर्ण. कोणतेही काम करण्याची तयारी. कृपया एक संधी द्यावी.

यात कारखान्याच्या उपयोगाचे अर्धेच वाक्य आहे, ते म्हणजे डिप्लोमा. ६० टक्के हा आकडा वाचून क्वालिटी मॅनेजरला काहीच कळत नाही. हा माणूस समोर बसून बोलल्यास ऐकतो का, यंत्र लावल्यावर किती ऐकतो, फोन घेऊ शकतो का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या टक्केवारीत नाही. ‘तरीही’ हा शब्द तर अधिक नुकसान करतो, कारण त्याच्यापुढचे सगळे गुण अपवाद म्हणून वाचले जातात. ‘कोणतेही काम’ हे शब्दही काढावेत, कारण त्यांमुळे ४ वर्षांचा अनुभव असलेला माणूस हेल्परच्या रांगेत जाऊन बसतो.

आता त्याच तरुणाचे काम लिहू:

> मेकॅनिकल डिप्लोमा. मशीन शॉपमध्ये तपासणीचा ४ वर्षांचा अनुभव. सीएनसी टर्निंग व मिलिंगच्या जॉबची पहिल्या नगाची तसेच चालू उत्पादनातील तपासणी. मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज यांचा रोजचा वापर. सीएमएमवर तयार प्रोग्राम चालवून मापे घेण्याचा अनुभव. ड्रॉइंगवरील टॉलरन्स वाचून तपासणी अहवाल तयार करणे आणि रिजेक्शनची नोंद एक्सेलमध्ये ठेवणे.

या समरीत श्रवणयंत्राचा उल्लेख नाही आणि तरीही काहीही लपवलेले नाही. सीएमएम या मापन यंत्राच्या ओळीत ‘तयार प्रोग्राम चालवून’ असे मुद्दाम लिहिले आहे, कारण प्रोग्राम बनवता येणे ही वेगळी पात्रता आहे आणि मुलाखतीत तो फरक पहिल्या पाच मिनिटांत उघड होतो. अपंगत्वाबद्दल पुढे जे काही सांगायचे आहे त्यावर समोरच्याचा विश्वास बसावा असे वाटत असेल, तर कामाबद्दलचा प्रत्येक शब्द असा तंतोतंत असावा लागतो.

दुसरी पायरी: जागा कोणाची आहे ते पाहा

सरकारी जागा असेल तर समरीचा प्रश्न जवळपास उरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३४ नुसार सरकारी आस्थापनांतील किमान ४ टक्के जागा, प्रमाणित अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असलेल्या आणि कायद्यात नमूद केलेल्या प्रवर्गांत बसणाऱ्या व्यक्तींसाठी राखीव असतात. हा लाभ घ्यायचा असेल तर अर्जाच्या नमुन्यातील संबंधित रकान्यात तसा दावा करावा लागतो. रेझ्युमेत कितीही सुंदर लिहिले आणि तो रकाना रिकामा सोडला, तर नंतर प्रवर्ग बदलून मिळेल असे धरून चालू नये. कर्नाटक शासनाचे नमुने कन्नडमध्ये असतात आणि त्यांत हा रकाना ‘विकलचेतन’ किंवा ‘अंगविकल’ या शब्दांनी येतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराने घाईत तो ओलांडून पुढे जाऊ नये.

कायद्याच्या यादीत एकवीस प्रकारची अपंगत्वे आहेत. त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सनसारखे दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आहेत, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल आहेत. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा दमा ही नावे त्यात नाहीत. आपला आजार या यादीत बसतो का हे रेझ्युमे लिहिण्यापूर्वी पाहणे आवश्यक आहे, कारण न बसणाऱ्या आजारापोटी समरीत ‘दिव्यांग’ लिहिले आणि पुढे प्रमाणपत्र मागितले गेले, तर उमेदवाराची उरलेली विधानेही संशयाने पाहिली जातात.

खासगी कंपनीचे चित्र वेगळे आहे. नोकरीतील भेदभावाला स्पष्ट मनाई करणारे कलम २० सरकारी आस्थापनांना उद्देशून आहे. खासगी आस्थापनांसाठी कलम ३ मधील भेदभावबंदीचे सर्वसाधारण तत्त्व आहे, आणि कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. २०१७ च्या नियमांप्रमाणे वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य ठरवलेल्या पदांची यादी, दिल्या जाणाऱ्या सोयी आणि त्यासाठी नेमलेला संपर्क अधिकारी यांचा उल्लेख असावा लागतो. हे धोरण शक्यतो कंपनीच्या संकेतस्थळावर, नाहीतर आवारात ठळक जागी लावायचे असते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी ते संकेतस्थळावर शोधावे. ते सापडले आणि त्यात संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक दिसली, तर या कंपनीत सोयीविषयी बोलण्यासाठी निश्चित माणूस आहे एवढे कळते. न सापडल्यास मौनाला काही अर्थ चिकटवू नये. उद्यमबागेत किंवा मच्छेत आठ-दहा कामगारांवर चालणाऱ्या वर्कशॉपमध्ये मालकच मुलाखत घेतो, तोच पगार देतो, आणि असे धोरण असते हे त्याने बहुधा ऐकलेलेही नसते.

या कायद्याची एक मर्यादा आधीच लक्षात घ्यावी. रेझ्युमे वाचून कोणी बाजूला ठेवला तर त्याचे कारण कोठेही नोंदले जात नाही. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण ‘आम्हाला अधिक योग्य उमेदवार मिळाला’ एवढ्या उत्तरापुढे पहिल्या चाळणीतला भेदभाव सिद्ध करणे फार अवघड असते. मुलाखत झाल्यावर किंवा ऑफर मिळाल्यावर तीच माहिती दिली आणि मग नकार आला, तर निदान घटनाक्रम तरी कागदावर राहतो. खासगी नोकरीसाठी समरीत अपंगत्व न लिहिण्याकडे माझा कल आहे, त्याचे हे मुख्य कारण आहे.

दुसरे कारण आपल्या भागातील सवयीचे आहे. येथे बऱ्याच जागा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून फिरतात आणि रेझ्युमेची पीडीएफही तशीच फिरते. तुम्ही ती एका ओळखीच्या माणसाला पाठवता, तो ती दोन कारखान्यांत पाठवतो, तेथून ती कागल किंवा गोकुळ शिरगावपर्यंत जाते. पुढच्या वर्षी उपचाराने प्रकृती बदलली तरी आजाराचे नाव असलेली ती जुनी पीडीएफ कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलमध्ये राहते. युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, क्रमांक किंवा अपंगत्व प्रमाणपत्राचे छायाचित्र रेझ्युमेत कधीही घालू नये, तेही यासाठीच. कार्ड असल्यास ते मागितल्यावर दाखवावे. ते नसेल आणि लाभ घ्यायचा असेल, तर swavlambancard.gov.in या संकेतस्थळावर अर्ज करता येतो.

तिसरी पायरी: समरीत लिहिणे योग्य ठरते असे प्रसंग

तीन प्रसंगांत मी समरीत उल्लेख करण्याचा सल्ला देतो.

पहिला प्रसंग म्हणजे जाहिरातच दिव्यांग उमेदवारांसाठी असणे. अशा वेळी चाळणारा माणूस तोच उल्लेख शोधत असतो आणि तो न सापडल्यास रेझ्युमे बाद होतो. तरीही हा उल्लेख समरीच्या शेवटच्या ओळीत, कामाच्या नंतर यावा: ‘दिव्यांग प्रवर्ग: श्रवणदोष; युडीआयडी कार्ड उपलब्ध.’ एवढे पुरते. टक्केवारी जाहिरातीत विचारली असेल तरच द्यावी.

दुसरा प्रसंग म्हणजे अपंगत्वातून आलेले कौशल्य हेच काम असणे. सांकेतिक भाषा शिकवणे, विशेष शाळेत काम करणे, किंवा संकेतस्थळे अंध व्यक्तींना वापरता येतात का हे तपासणे, अशा कामांसाठी स्वतःचा अनुभव ही पात्रता ठरते. तेथे तो पहिल्या दोन ओळींत यावा.

तिसरा प्रसंग साधनाचा आहे. दृष्टिहीन उमेदवार एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या मदतीने एक्सेलमध्ये ताळेबंद तयार करत असेल, तर ‘एनव्हीडीए वापरून एक्सेलमध्ये ताळेबंदाचे काम’ असे लिहिण्याने वाचणाऱ्याच्या मनातला ‘हे कसे करणार?’ हा प्रश्न तेथेच सुटतो. येथे साधनाचे नाव आणि त्यावर होणारे काम एकाच वाक्यात असणे महत्त्वाचे आहे. नुसते ‘दृष्टिहीन’ लिहिले की प्रश्न उभा राहतो आणि उत्तर मात्र कोठेच दिसत नाही.

या तिन्हींत न बसणारा उल्लेख समरीबाहेर जातो. खानापूरच्या तरुणाचा प्रसंग यांपैकी एकातही बसत नाही, कारण जाहिरात सर्वांसाठी आहे आणि मायक्रोमीटर वाचण्याशी कानाचा संबंध नाही. त्याला तरीही बरेच काही सांगायचे आहे. ते कोठे सांगावे, हे आता पाहू.

चौथी पायरी: उरलेल्या चार जागांत वाटणी करा

या तरुणाची पहिली अडचण मुलाखतीच्या आधीच येते. कंपनीतून फोन येतो, पलीकडे कंप्रेसर चालू असतो, बोलणारा कन्नडमध्ये सुरुवात करून हिंदीवर येतो, आणि उमेदवाराला वेळ आणि तारीख नीट कळत नाही. फोन उचललाच नाही तर त्याच्या नावापुढे ‘संपर्क होत नाही’ असा शेरा पडतो. ही अडचण पहिल्या संपर्काचीच असल्यामुळे ती संपर्काच्या ओळीत सोडवावी:

> संपर्क: ईमेल किंवा व्हॉट्सॲप मेसेज (फोनवरील बोलणे स्पष्ट ऐकू येत नाही, मेसेजला त्याच दिवशी उत्तर देतो).

या ओळीत आजाराचे नाव नाही, टक्केवारी नाही, विनंतीचा सूर नाही. समोरच्याने काय करावे आणि त्याला काय मिळेल, एवढेच आहे. ‘त्याच दिवशी उत्तर देतो’ हे लिहिले की ते पाळावे लागते, म्हणून पाळता येणारी मुदतच लिहावी. कोणी म्हणेल की येथे तरी उघड झालेच. झाले, पण वाचणारा ही ओळ कामाच्या संदर्भात वाचतो, आणि न उचललेल्या फोनपेक्षा हा उल्लेख कितीतरी बरा. ज्याला फोनवर पुरेसे ऐकू येते त्याने ही ओळ लिहू नये.

दुसरी अडचण मुलाखतीची आहे, आणि सीमाभागात तिला एक वेगळा पदर आहे. कमी ऐकू येणारी व्यक्ती अनेकदा श्रवणयंत्राइतकाच बोलणाऱ्याच्या ओठांच्या हालचालीचा आधार घेते, आणि ही सवय ज्या भाषेत तो लहानपणापासून बोलला त्या भाषेत पक्की होते. मराठीत समोरचा अर्धे वाक्य बोलला तरी हा तरुण उरलेले ओळखतो. तेच वाक्य कन्नडमध्ये आले की ओठ वाचूनही शब्द हाती लागत नाहीत. शाळेत कन्नड शिकल्यामुळे कागदावरचे कन्नड मात्र तो वाचतो. बेळगावच्या मुलाखतींत एकाच टेबलावर मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी फिरत असतात. अशा वेळी उत्तर चुकले तर मुलाखत घेणाऱ्याचा समज विषय येत नाही असा होतो, ऐकू आले नाही असा होत नाही. म्हणून रेझ्युमेच्या भाषांच्या ओळीत ‘मराठी, हिंदी: बोलणे व लेखन, कन्नड: वाचन व लेखन, इंग्रजी: वाचन व लेखन’ अशी फोड करावी. आणि मुलाखतीची तारीख ठरली की त्याच उत्तरात असे लिहावे:

> मुलाखतीस वेळेवर उपस्थित राहीन. मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र वापरतो. समोरासमोर बसून मराठी किंवा हिंदीत विचारलेले प्रश्न मला समजतात. कन्नड किंवा इंग्रजीतील प्रश्न कागदावर लिहून दाखवल्यास लगेच उत्तर देता येईल. शक्य असल्यास मुलाखत शॉप फ्लोअरपासून दूरच्या खोलीत व्हावी, कारण यंत्रांच्या आवाजात श्रवणयंत्राचा उपयोग कमी होतो.

उल्लेख प्रथमच होत असेल तर तो मुलाखतीचे निमंत्रण आल्यानंतर व्हावा. तोपर्यंत रेझ्युमे कामाच्या आधारावर निवडला गेलेला असतो. या मजकुरातील प्रत्येक मागणी बिनखर्चाची आणि त्याच दिवशी पूर्ण करता येण्याजोगी आहे. मागणीसोबत तिचे कारण दिले की ती सहसा मान्य होते, म्हणून शेवटच्या वाक्यातील ‘कारण’ गाळू नये.

तिसरी बाब सुरक्षिततेची आहे आणि तिची जागा ऑफर मिळाल्यानंतर, रुजू होण्यापूर्वी आहे. फोर्कलिफ्ट मागे येतानाचा हॉर्न, आगीचा भोंगा, सहकाऱ्याने दिलेली हाक, हे सर्व आवाजावर चालते. येथे सांगणे टाळू नये, आणि हा विषय समरीतही घालू नये, कारण ज्याला अजून तुमचे काम माहीत नाही त्याला आधी धोका दाखवून उपयोग नाही.

आजार दिसत नाही, पण वेळ खातो तेव्हा

दीर्घकालीन आजारांत अडचण बहुधा कामाच्या तासांची किंवा मधल्या खंडाची असते. निपाणीतील एक लेखापाल घेऊ. तिचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी साधारण चार तास चालते आणि रुग्णालयाने तिला सकाळची पाळी दिली आहे. तिच्या समरीत ‘किडनीचा आजार’ या शब्दांची गरज नाही. तिला लागणारी गोष्ट वेळ आहे, म्हणून वेळ लिहावी: ‘जीएसटी विवरणपत्रे, टॅली व बँक जुळवणी, दुपारी १ नंतर कार्यालयात किंवा घरून काम.’ जाहिरात पूर्ण वेळेची असेल तर ही ओळ समरीतून काढून मुलाखतीत तासांचा विषय निघाल्यावर मांडावी, पण ऑफर स्वीकारण्यापूर्वी मांडावीच. त्या बोलण्यात आजाराचे वर्णन करण्यापेक्षा महिन्याचे वेळापत्रक दाखवणे उपयोगी पडते. दरमहा विवरणपत्रे भरणाऱ्या व्यवसायासाठी जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि जीएसटीआर-३बी ची तारीख साधारणतः २० असते, म्हणून त्या दोन दिवसांपूर्वी काम कसे पुरे करणार हे तिने कागदावर मांडले, तर मालकाच्या मनातील खरी शंका तेथेच संपते.

मधला खंड असेल तर तो समरीत न सांगता अनुभवाच्या यादीत एका ओळीत द्यावा: ‘२०२२–२०२३: वैद्यकीय कारणास्तव खंड, आता नियमित कामासाठी उपलब्ध.’ खंड लपवण्यासाठी जुन्या नोकरीच्या तारखा ओढून लांब केल्या, तर भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतून ते दिसून येते आणि नोकरी लागल्यानंतरही जाऊ शकते. उपचार पूर्ण झाले नसतील तर ‘पूर्णपणे बरा’ असे लिहू नये.

अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार असलेल्यांना एक स्पष्ट सूचना करणे माझे कर्तव्य समजतो. भट्टी, क्रेन, प्रेस किंवा उंचावरचे काम असेल तर आधी स्वतःच्या डॉक्टरांचे लेखी मत घ्यावे आणि जागाच बदलून अर्ज करावा. ज्या कामात एक झटका स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो, तेथे कोणत्या ओळीत काय लिहावे हा प्रश्न गौण आहे.

ओळखीतून शब्द टाकला जातो तेव्हा

आपल्याकडे निम्म्याहून अधिक वेळा रेझ्युमेच्या आधी माणूस पोहोचतो. मामा, गल्लीतले काका किंवा जुना फोरमन मालकाला सांगून ठेवतात, आणि चांगल्या हेतूने सांगतात, ‘पोरगा जरा कमी ऐकतो, पण गरीब आहे, सांभाळून घ्या.’ त्या क्षणी रेझ्युमेत केलेली सगळी मांडणी निरुपयोगी ठरते. म्हणून शिफारस करणाऱ्याला आधीच गाठून त्याने काय सांगावे ते वाक्य त्याच्या हाती द्यावे: ‘काका, एवढंच सांगा, चार वर्षं तपासणीचं काम केलंय, सीएमएम चालवतो, आणि त्याला फोन करू नका, मेसेज करा.’ वडीलधाऱ्यांना असे शब्द सुचवणे अवघड वाटते हे मला ठाऊक आहे, तरीही ते करावे. बहुतेकांना काय सांगावे हे माहीत नसते, आणि सांगितलेले वाक्य ते आनंदाने जसेच्या तसे पोहोचवतात.

गाडी कोठे अडते ते ओळखा

कोणती आवृत्ती कोठे पाठवली, कोणत्या तारखेला, आणि पुढे काय झाले, याची वहीत नोंद ठेवा. अर्ज जात आहेत आणि कोणाचाच संपर्क होत नाही, असे असेल तर अडचण समरीत किंवा संपर्काच्या ओळीत आहे. त्यातही लगेच अपंगत्वाच्या उल्लेखाकडे बोट दाखवू नये. आधी जाहिरातीतील कामाचे शब्द आपल्या पहिल्या दोन ओळींत आहेत का ते पाहावे, कारण रेझ्युमे तेवढ्यावरच अधिक वेळा बाद होतात. मुलाखती होतात आणि प्रत्येक वेळी ‘कळवतो’ वर थांबतात, असे असेल तर समरी बदलून काही होणार नाही. तेथे मुलाखतीपूर्वी पाठवलेला मजकूर तपासावा आणि मागितलेली सोय प्रत्यक्षात मिळाली होती का ते आठवून लिहून ठेवावे. ऑफर येते आणि वैद्यकीय तपासणीनंतर मागे घेतली जाते, असे घडले तर नकाराचे कारण ईमेलवर मागावे. दाद मागायची वेळ आल्यास तो कागद उपयोगी पडतो.

वैद्यकीय फॉर्म आणि रुजू होण्यापूर्वीचा ईमेल

समरीत गप्प राहणे आणि विचारल्यावर खोटे उत्तर देणे यांत मोठे अंतर आहे. समरीत काय लिहावे हा तुमचा निर्णय आहे. रुजू होण्यापूर्वीच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये ‘ऐकण्याचा त्रास आहे का’, ‘फिट्स येतात का’, ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत’ असे स्पष्ट विचारलेले असेल, तर तेथे ‘नाही’ वर खूण करणे हे खोटे निवेदन ठरते आणि पुढे अपघात झाला किंवा वाद झाला तर तेच तुमच्याविरुद्ध वापरले जाते. एचआयव्हीबाबत मात्र कायदा वेगळा आहे: १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही स्वतःची स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही.

खानापूरच्या तरुणाला ऑफर मिळाली असे धरू. वैद्यकीय फॉर्ममध्ये तो श्रवणयंत्राचा उल्लेख करतो, आणि त्याच दिवशी एचआर किंवा क्वालिटी मॅनेजरला एक छोटा ईमेल पाठवतो. त्यात तो तीन गोष्टी मागतो: तपासणीच्या टेबलाजवळ भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा बसवावा, फोर्कलिफ्टच्या वाटेकडे पाठ होणार नाही अशी जागा द्यावी, आणि पाळी बदलताना तोंडी दिलेल्या सूचना रजिस्टरमध्ये लिहाव्यात. बोलणी तोंडी झाली असली तरी हा ईमेल पाठवावाच, कारण मॅनेजर बदलतो आणि तोंडी ठरलेले त्याच्यासोबत जाते. दिवा बसायला वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत भोंगा वाजल्यास त्याला खांद्यावर हात ठेवून कोण सावध करणार, त्या सहकाऱ्याचे नाव उत्तरात मागून घ्यावे.